वजा जाता

४(अ). मिळणारं क्रेडिट

चौदा जुलैला दुपारी रतनने लॅपटॉप उघडला आणि जीएसटी पोर्टलवरून जूनचं टू-बी उतरवून घेतलं. दर महिन्याच्या चौदा तारखेला ते यायचं. ज्यांनी ज्यांनी आपल्याला माल विकला, त्यांनी आपल्या नंबरावर किती कर दाखवला, त्याची ती यादी. यादीत असेल ते क्रेडिट आपलं. विक्रीवर जमवलेल्या करातून ते वजा करायचं आणि उरेल तेवढंच सरकारला भरायचं. यादीत नसेल, तर बिल सोन्याच्या पत्र्यावर छापलेलं का असेना, उपयोग शून्य.

यादी भलतीच आखूड होती. गुजरातहून पावडर आणि कुलपं-बिजागऱ्या आल्या होत्या, ते क्रेडिट होतं, चोपन्न हजार. नौपाड्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या पत्र्याचं क्रेडिट नव्हतं. ते एक लाख आठ हजार असायला हवं होतं.

तिने पान पुन्हा उघडलं. मग खुर्चीवरून उठून शॉपच्या दाराशी गेली. आत चांगदेव विजेच्या पॅनेलच्या पेट्यांना भोकं पाडत होता. डोंबिवली एमआयडीसीतल्या या दोन गाळ्यांत महिन्याला बारा लाखांच्या पेट्या तयार व्हायच्या आणि त्यातला निम्मा पैसा पत्र्यातच जायचा.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. पत्रा हरवला."

चांगदेवने मागे बघितलं. पत्र्याची चळत जागच्या जागी होती. "हा काय हितंच हाय की!"

"हा आहे. कागदावरचा गेला."

तिने कपाटातून जूनची फाईल काढली. पत्र्याची पाच बिलं. पाचही बिलांच्या पाठीवर तिची सही आणि तिचा शिक्का, रतन तांबे, माल मिळाला. तिने बिलं उलटी केली.

ग्राहकाचं नाव: सहदेव तांबे. खाली सहदेवचा नंबर.

सहदेव, तिचा नवरा, नोव्हेंबरात गेला होता. प्रोप्रायटरचा जीएसटी नंबर प्रोप्रायटरबरोबर संपतो. जानेवारीत तिने स्वतःच्या नावावर नवा नंबर काढला, सीएचा दाखला जोडून त्याच्या खात्यात उरलेलं क्रेडिट आपल्याकडे वळवलं, जुना नंबर रद्द करून घेतला. नौपाड्याला पत्र दिलं. जानेवारी ते मे बिलं तिच्या नावाने बरोबर येत होती. जूनमध्ये पुन्हा सहदेव.

आणि तिला दिसलं नव्हतं. पाच वेळा टेम्पो आला, पाच वेळा तिने ते कागद हातात घेतले, पाच वेळा शिक्का मारला. बावीस वर्षं सहदेव तांबे याच नावाची बिलं ती फाईलला लावत आली होती. ते नाव छापलेलं दिसलं की डोळा तिथे अडत नव्हता. तिचं स्वतःचं नाव असतं तर कदाचित तिने नीट वाचलं असतं.

३.१. विक्रीवरचा कर

बारा लाखांची विक्री. सगळी गिऱ्हाइकं महाराष्ट्रातली. केंद्राचा एक लाख आठ हजार, राज्याचा एक लाख आठ हजार.

ही रक्कम आता हलणार नव्हती. अकरा तारखेला विक्रीचं विवरण भरून झालं होतं आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या याद्यांत तिची बिलं वेळेवर उमटली होती. तिमाहीचा पर्याय असूनही ती दर महिन्याला भरायची ती यासाठीच. पॅनेलवाला पहिला प्रश्न तोच विचारतो: तुमचं बिल दिसतं का?

तिचं दिसत होतं. तिला दिसायचं होतं ते सोडून.

४(ब). उलटवायचं क्रेडिट

मुकुलचं ऑफिस ठाकुर्ली स्टेशनच्या पूर्वेला, पहिल्या मजल्यावर, खाली गिरणी. बोलताना दाण्यांचा खडखडाट ऐकू यायचा. सहदेवच्या वेळेपासून रिटर्न तोच भरायचा. पस्तिशीचा, हुशार, सतत घाईत.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "झालेलं सोप्पं आहे. मी नौपाड्याला फोन लावला, त्यांच्या पोरीने जुना नंबर टाकला. भरताना पोर्टल म्हणालं, नंबर रद्द. मग तिने तो माल सगळा बी-टू-सीत ढकलला. म्हणजे बिननंबरवाल्या गिऱ्हाइकाला विकला, असं. त्यांची उलाढाल पाच कोटींच्या आत, ई-इनव्हॉइस लागत नाही, नाहीतर बिल फाडतानाच अडकलं असतं."

"मग आता?"

"आता काय, मी घेतलं क्रेडिट." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघा. गुजरातचं आयजीएसटीचं, म्हणजे परराज्यातल्या मालाचं, चोपन्न. ते आधी संपवायचं असतं. तुम्हाला आयजीएसटी भरायचाच नाही, म्हणून निम्मं केंद्राकडे, निम्मं राज्याकडे. सत्तावीस-सत्तावीस. मग पत्र्याचं. केंद्राचं केंद्राला, राज्याचं राज्याला, ते इकडचं तिकडे चालत नाही. चोपन्न-चोपन्न. उरले सत्तावीस अधिक सत्तावीस. भरायचे चोपन्न हजार. नेहमीसारखं."

"पण पत्र्याचं यादीत नाही."

"फॉर्मात आकडा बदलता येतो."

"बदलता येतो म्हणजे बदलायचा?"

मुकुल हसला. "वहिनी, अख्खी एमआयडीसी बदलते. माल आलाय, बिल आहे, त्याने कर भरलाय. एवढ्याशा फरकाला कोण विचारतंय? तीन वर्षांनी नोटीस आली तर बघू."

"तीन वर्षांनी व्याजासकट. आणि तेव्हा बिल काढून दाखवायचं, त्याच्यावर नाव कुणाचं? गेलेल्या माणसाचं. त्याने माल कसा घेतला विचारलं तर काय सांगू?"

खाली गिरणीवाल्याने कुणाला तरी शिवी दिली. मुकुलने घड्याळ बघितलं. बाहेर बाकावर अजून तीन जण बसले होते, तिघांच्या मांडीवर तसल्याच फायली.

"ओटीपी आला असेल तुमच्या फोनवर," तो म्हणाला. "सांगा, सबमिट करून टाकतो. दहा मिनिटांत जाईल तो."

फोन तिच्या हातात होता. सहा आकडे चमकत होते. सहदेव असता तर त्याने सांगून टाकले असते, तिला माहीत होतं. तो सांगायचाच. बऱ्याचदा तिला न विचारता, फोनवरूनच, जेवता जेवता.

तिने फोन पालथा ठेवला.

"वहिनी?"

"पत्र्याचं काढ. यादीत आहे तेवढंच ठेव."

"मग एक लाख बासष्ट हजार भरावे लागतील. रोख. वीस तारखेला. आहेत?"

तिने मनात हिशेब मांडला. खात्यात सात लाख पासष्ट हजार होते. त्यातले सात लाख आठ हजार अठरा तारखेला नौपाड्याला जायचे होते, जूनच्या पत्र्याचे, करासकट. बाकीच्यात चोपन्न हजारांचा कर बसायचा. एक लाख बासष्ट हजार कुठेच बसत नव्हते.

"आणि नाही भरलं," मुकुल म्हणाला, आवाज उतरवून, "तर उशिराचं शुल्क, उरलेल्यावर अठरा टक्के व्याज, आणि पुढच्या महिन्याचं विक्रीचं विवरणच उघडणार नाही. तुमची गिऱ्हाइकं बोंबलतील. म्हणून म्हणतोय मी."

"वीस तारखेला अजून पाच दिवस आहेत," रतन म्हणाली.

५. करमुक्त आवक

शहाडला घरी शांताबाईंनी ती पाच बिलं मागून घेतली. सासूला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मुलाचं नाव कुठल्याही अक्षरात ओळखता यायचं. त्यांनी बोट ठेवलं.

"हा सहदेव ना?"

"हो, आई."

"मग राहू दे की गं. त्याच्या नावानं माल येतोय, बरंच हाय. तू कशाला खोडायला निघालीस?"

रतनने भाकरी तव्यावर टाकली. फुगली तशी उलटली.

"त्याचं नाव राहायला माझी ना नाही. पण पत्रा मी घेते, सही मी करते, पगार मी देते. त्याच्या नावावर बिल फाडून ते त्याला मान देत नाहीयेत, आई. मला मोजत नाहीयेत."

शांताबाईंनी बिलांची घडी घातली आणि परत दिली. एक सोडून. ते एक त्यांनी उशीखाली ठेवलं. रतनने पाहिलं आणि ते तिथेच राहू दिलं. चार बिलं घेऊन ती दुसऱ्या दिवशी ठाण्याला निघाली. पाचव्याचा फोटो होता फोनमध्ये.

४(क). निव्वळ

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत प्रशांतशेठचं दुकान होतं. दुकान म्हणजे टेबलं तीन. माल सगळा गोदामात. कोपऱ्यातल्या टेबलावर मैथिली, नवा संगणक, शेजारी तुळशीचं रोप. मालक पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलणं शुद्ध आणि थंड.

"या वहिनी. चहा सांगू?"

"वहिनी म्हणून आले असते तर घेतला असता," रतनने बिलं टेबलावर मांडली. "ही कुणाची?"

त्यांनी चष्मा चढवला. "अरे देवा. मैथिली?"

मैथिली उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "सर, जूनमध्ये संगणक बदलला ना, तेव्हा गिऱ्हाइकांची जुनी यादीच परत चढली. मी म्हणालेले तुम्हाला, तांबेंचा नंबर पोर्टल घेत नाही. तुम्ही म्हणालात, बी-टू-सीत टाक, नंतर बघू."

"बस तू." मालक रतनकडे वळले. "हे बघा, चूक झाली, मान्य. पण तुमच्याही पोरांनी माल घेताना बघितलं नाही."

"पोरांनी नाही. मी बघितलं नाही. सही माझी आहे."

एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी पेपरवेट फिरवला.

"मग मिटलं. दोघांचीही चूक. या महिन्यात तुम्ही जरा जास्त भरा, आम्ही सवडीने दुरुस्ती करू, पुढेमागे तुम्हाला क्रेडिट मिळेल. व्यवहार काय आजचा आहे?"

"सवडीने म्हणजे कधी?"

"करू हो."

"शेठ, दुरुस्तीला तुमचा रुपया लागत नाही. कर तितकाच. बी-टू-सीमधून कमी करायचा, माझ्या नंबरावर दाखवायचा. दुरुस्त बिलं द्यायची. तुम्ही ती आज भरलीत तरी मला या महिन्यात दिसणार नाहीत, जूनची यादी बंद झाली. जुलैच्या विवरणात टाका, अकरा ऑगस्टच्या आत. चौदाला मला दिसतील."

"बरोबर बोलताय. करू."

"म्हणून परवाचा चेक सहा लाखांचा देते. मालाचे पूर्ण. कराचे एक लाख आठ हजार ज्या दिवशी माझ्या यादीत उमटतील, त्या दिवशी."

पेपरवेट थांबला.

"माफ करा, ते पैसे सरकारचे आहेत. वीस तारखेला मी माझ्या खिशातून भरणार आहे."

"आणि मी माझ्या. एकाच पत्र्याचा कर दोघांनी भरायचा आणि क्रेडिट कुणालाच नाही? ज्याच्या चुकीने ते अडकलं त्याच्याकडेच ते थांबू देत. ते एक लाख आठ हजार मी पळवत नाहीये. सरकारच्याच खात्यात टाकतेय. तुम्हाला देऊन जे वजा झालं असतं, ते वजा होत नाही म्हणून मी भरतेय. बेरीज करून बघा. तुम्हाला सात लाख आठ आणि सरकारला चोपन्न, किंवा तुम्हाला सहा आणि सरकारला एक-बासष्ट. माझ्या खात्यातून जाणारा आकडा एकच."

मैथिलीने नकळत कॅल्क्युलेटर ओढला. सात लाख बासष्ट हजार. दोन्ही वेळा.

"सहदेवभाऊंनी," प्रशांतशेठ हळू म्हणाले, "बावीस वर्षांत एक पैसा अडवला नाही."

"म्हणूनच त्यांच्या नावाने अजून बिलं फाडता तुम्ही."

मैथिलीने मान खाली घातली. मालकांनी चष्मा काढून पुसला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चेक अपुरा आला तर पुढचा पत्रा रोख. उधारी बंद. आधी पैसे, मग टेम्पो. तुमच्या शॉपला रोखीत पत्रा परवडतो का ते बघा, ताई."

वहिनीची ताई झाली होती. रतनने बिलं गोळा केली.

"तांबे म्हणा," ती म्हणाली. "रतन तांबे. नंबर देऊ परत?"

५.१. व्याज आणि विलंब शुल्क

निरंक.

६.१. कराचा भरणा

अठराला सहा लाखांचा चेक गेला. एकोणीसला तिने एक लाख बासष्ट हजारांचं चलन भरलं आणि पैसे पोर्टलवरच्या रोख खात्यात दिसेपर्यंत पानावरून उठली नाही. वीसला मुकुल म्हणाला, "ओटीपी." तिने आधी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली, केंद्र एक्याऐंशी, राज्य एक्याऐंशी, क्रेडिट फक्त गुजरातचं, आणि मग सहा आकडे सांगितले. बँकेत उरले तीन हजार.

मुकुल बोलला ते फक्त एवढंच, "तुम्ही जिद्दी आहात." कौतुक होतं की तक्रार, ते गिरणीच्या आवाजात कळलं नाही.

त्याच आठवड्यात नौपाड्याचा टेम्पो बंद झाला.

जूनमध्ये पत्रा जरा जास्त उचलला होता, त्यावर तेवीस जुलैपर्यंत काम चाललं. चोवीसला चांगदेव चहाचा ग्लास घेऊन टेबलापाशी आला.

"जयभीम ताई. आता भोकं कशाला पाडू? हवेला?"

"गिऱ्हाइकाच्या पत्र्याला."

तिने कल्याणच्या दोन जुन्या पॅनेलवाल्यांना फोन लावले. तुमचा पत्रा तुम्ही पाठवा, बिलावर नाही, नुसत्या डिलिव्हरी चलनावर. मी फक्त कापीन, वाकवीन, रंगवीन. मजुरीचं बिल लावीन. पहिला म्हणाला, बाई, असं का? तिने सरळ सांगितलं. तो जोरात हसला आणि म्हणाला, माझं पण एका ठिकाणी असंच अडकलंय, युक्ती वापरतो. दुसऱ्याने दर पाडून मागितला. तिने पाडला नाही. तो दोन दिवस अडून बसला आणि मग पत्रा घेऊन आला.

मजुरीत नफा कमी. जुलैची विक्री साडेपाच लाखांवर आली. पण मजुरीला पत्रा विकत घ्यावा लागत नाही. पत्रा कापायचं एकोणीस वर्षांचं जुनं शिअर मशीन कुरकुरत का होईना चालत राहिलं. चांगदेवसह चौघांचे पगार सात तारखेला झाले. तिने स्वतःसाठी त्या महिन्यात काही घेतलं नाही. शांताबाईंनी किराण्याच्या यादीतून स्वतःहून सुकं खोबरं खोडलं.

नौपाड्याहून निरोप यायचे. आधी प्रशांतशेठचे: वहिनी, बाकी कधी? ती उत्तर पाठवायची: बिलं यादीत दिसली की. मग परत: समजूतदारपणा दाखवा. उत्तर: दिसली की. मग आठ दिवस काही नाही.

तिच्या टेबलाच्या खणात एक लाख आठ हजारांचा चेक सही करून पडला होता, तारखेची जागा कोरी. पॅनेलवाल्यांचे मजुरीचे पैसे येताच सगळ्यात आधी तेवढी रक्कम तिने बाजूला टाकली होती. ती रक्कम तिने मोडली नाही. चांगदेवने एकदा सुचवलं होतं, ताई, त्यात पत्रा येईल. ती म्हणाली, तो आपला नाही, आणि त्यांचाही नाही अजून.

आठ ऑगस्टला मैथिलीचा फोन आला. मागून रिक्षांचे आवाज. ती दुकानाबाहेर येऊन बोलत होती.

"मॅडम, दुरुस्त बिलं कुरिअर केली. सरांनी सांगितलं."

"सरांनी?"

"म्हणजे काल बँकेचं काही तरी होतं, त्यांना ते पैसे हवे होते. मी म्हटलं, सर, ते एकाच रस्त्याने येतील. मग म्हणाले, कर बाई एकदाचं." ती थांबली. "मॅडम, गिऱ्हाइकांच्या यादीतून सहदेवभाऊंचं नाव काढताना पोर्टल... म्हणजे सॉफ्टवेअर विचारतं, नक्की काढायचं? मी हो म्हटलं. वाईट वाटलं जरा."

रतनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं केलंस," ती म्हणाली.

पडताळणी

चौदा ऑगस्टला तिने टू-बी उघडलं. नौपाडा, पाच बिलं. केंद्र चोपन्न हजार, राज्य चोपन्न हजार. तिने एकेक नंबर कुरिअरने आलेल्या कागदाशी ताडून पाहिला. या वेळी नावही वाचलं, पाचही वेळा, शेवटपर्यंत.

मग खणातला चेक काढून त्यावर तारीख घातली आणि स्वतः नौपाड्याला गेली.

प्रशांतशेठनी चेक घेतला, मोजल्यासारखा बघितला. "झालं समाधान?"

"तुमची रीतसर पावती मिळाली की."

त्यांनी पावती लिहिली. लिहिताना पेन एका ठिकाणी थबकलं. त्यांनी 'सौ.' लिहून खोडलं, मग 'श्रीमती' लिहायला गेले, तेही अर्धं सोडलं. शेवटी नुसतं लिहिलं: रतन तांबे यांजकडून.

"टेम्पो सोमवारी पाठवू?" त्यांनी वर न बघता विचारलं. "उधारीवर. चाळीस दिवस, पहिल्यासारखं."

"पाठवा. बिल आधी व्हॉट्सॅपवर टाका. मी हो म्हटलं की गाडी निघेल."

"असं कुठे असतं?"

"इथून पुढे असेल."

मैथिली संगणकामागे हसली आणि खोकल्याचं नाटक केलं.

वीसला ठाकुर्लीत गिरणी चालू होती. मुकुलने फॉर्म उघडला. जुलैचा विक्रीवरचा कर: केंद्र साडेएकोणपन्नास हजार, राज्य साडेएकोणपन्नास हजार. त्या महिन्यात ना नवा पत्रा घेतलेला, ना गुजरातचा माल. क्रेडिट होतं ते जूनच्या पत्र्याचं, उशिरा आलेलं: चोपन्न आणि चोपन्न.

"वजा जाता शून्य," मुकुल म्हणाला. "वर दोन्हीकडे साडेचार-साडेचार हजार शिल्लक, पुढच्या महिन्याला. रोख काही नाही." त्याने मान हलवली. "वहिनी... रतनताई. ओटीपी?"

तिने स्क्रीन स्वतःकडे वळवली. सगळं वाचलं. मुकुलने या वेळी घड्याळ बघितलं नाही.

मग तिने सहा आकडे सांगितले, एकेक, सावकाश.

घरी शांताबाईंच्या उशीखालचं ते पाचवं बिल अजून तिथेच होतं, रद्द झालेलं. नौपाड्याने फाईलसाठी मूळ प्रती परत मागितल्या होत्या, पाचही. रतनने चार पाठवल्या.

"पाचवी कुठे, विचारतायत," तिने सासूला सांगितलं.

"मग?"

"मी म्हटलं, ती मिळणार नाही."